शिल्लक जुळली, पण उतारा जुळला का?

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एक गोष्ट असते, जी वीजबिलात नसते, भाडेकरारात नसते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत तर नसतेच. त्याच्या प्रत्येक ओळीसोबत त्या ओळीचा ताळाही छापलेला असतो. आधीच्या ओळीतली शिल्लक घ्या, तीत जमा मिळवा, नावे वजा करा. जे येईल ते या ओळीच्या शेवटच्या रकान्यात असायलाच हवे. त्यामुळे हा कागद कोणी उतरवून घेतला, तर उतरवणाऱ्याच्या बऱ्याच चुका मूळ कागद समोर नसतानाही पकडता येतात. बऱ्याच म्हणजे कोणत्या, आणि ज्या निसटतात त्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

हे उतरवण्याचे काम सध्या झपाट्याने माणसाच्या हातून निघते आहे. कर्ज देणारी कंपनी अर्जदाराकडून वर्षभराची स्टेटमेंट मागते. करसल्लागाराकडे हंगामात पीडीएफचे ढीग येऊन पडतात. त्यातली ओळ न् ओळ टॅलीत किंवा एक्सेलमध्ये जायला हवी असते. पूर्वी हे काम आर्टिकलशिपची मुले करीत. मग प्रत्येक बँकेच्या नमुन्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहायची पद्धत आली. तारीख पानाच्या डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर, शिल्लक उजवीकडच्या रकान्यात, अशी त्यात पक्की आखणी असे. बँकेने रकाना जरा सरकवला की तो प्रोग्रॅम आडवा पडे. आता पान भाषा मॉडेलला, म्हणजे ज्याला एलएलएम म्हणतात त्याला देतात आणि सांगतात, यातल्या प्रत्येक व्यवहाराची तारीख, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक वेगवेगळी काढून दे. नमुना कधीही न पाहिलेल्या बँकेचा असला तरी ते जमवते. बाहेर पडणारी एक ओळ साधारण अशी असते:

```json
{"page": 1, "row": 3, "date": "2024-04-03",
 "narration": "NEFT CR YARN SALE", "debit": null,
 "credit": "78450.00", "balance": "229670.50"}
```

पान आणि ओळीचा क्रमांक सुरुवातीलाच मागून घेतलेला आहे, हे लक्षात ठेवा. तो नसेल तर पुढे मूळ कागदाशी पडताळणी करताना प्रत्येक ओळ शोधत बसावी लागते. रकमा अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून घेतल्या आहेत, तेही मुद्दाम. संगणक दशांश अपूर्णांक आत थोडे अदमासाने साठवतो; हजार ओळींची बेरीज केली की कुठेतरी एखादा पैसा उगाच कमी-जास्त दिसू लागतो. म्हणून रकमा मजकूर म्हणून घ्यायच्या, त्यांचे पूर्ण पैसे करायचे आणि सगळे गणित पैशांतच करायचे. एका पैशाचाही फरक खपवून घ्यायचा नाही.

मॉडेलच्या चुकीचा स्वभाव जुन्या यंत्रांच्या चुकीपेक्षा वेगळा असतो. अक्षरे ओळखणारे जुने सॉफ्टवेअर चुकले की आकड्यांच्या मध्ये एखादे बी किंवा एस घुसलेले दिसे आणि ती रक्कम चुकली हे शाळकरी पोरही सांगू शके. भाषा मॉडेल अक्षरामागून अक्षर उतरवत नाही. पान पाहून पुढे काय येणे सर्वांत संभवनीय आहे, ते लिहीत जाते. बहुतेक वेळा ते पानावर आहे तेच असते. शाई फिकट झाली असेल, स्कॅन वाकडे आले असेल, तर ते जागा रिकामी सोडण्याऐवजी तिथे शोभेल अशी रक्कम बसवून मोकळे होते. स्वल्पविराम जागच्या जागी, दशांशानंतर दोन आकडे, सगळे नीटनेटके. ते नुसते वाचून चूक कळणार नाही.

आता एक उदाहरण सोडवू. इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याचे चालू खाते आहे असे समजा. खाते कल्पित आहे, रकमाही माझ्याच. सुरुवातीची शिल्लक १,८४,३२०.५० रुपये.

| क्र. | तारीख | तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| १ | ०१/०४ | यूपीआय | | १२,५००.०० | १,९६,८२०.५० |
| २ | ०२/०४ | चेक ०००४५१ | ४५,६००.०० | | १,५१,२२०.५० |
| ३ | ०३/०४ | एनईएफटी | | ७८,४५०.०० | २,२९,६७०.५० |
| ४ | ०३/०४ | यूपीआय | २,०००.०० | | २,२७,६७०.५० |
| ५ | ०३/०४ | यूपीआय परत | | २,०००.०० | २,२९,६७०.५० |
| ६ | ०४/०४ | आरटीजीएस | २,१०,०००.०० | | १९,६७०.५० |
| ७ | ०४/०४ | आरटीजीएस शुल्क | २८.९१ | | १९,६४१.५९ |
| ८ | ०५/०४ | रोख भरणा | | ६०,०००.०० | ७९,६४१.५९ |

ताळा पाहायला मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलमध्ये नावे डी रकान्यात, जमा ई मध्ये आणि शिल्लक एफ मध्ये असेल, तर तिसऱ्या ओळीच्या शेजारी `=ROUND(F2+E3-D3-F3,2)` लिहायचे आणि खाली ओढायचे. शून्य आले की ती ओळ जुळली. काम एवढेच. गंमत सुरू होते ती शून्य येत नाही तेव्हा, कारण फरकाचा आकडा बहुधा आपण कशामुळे आलो तेही सांगतो.

समजा मॉडेलने तिसऱ्या ओळीतले ७८,४५० हे ७४,८५० असे वाचले. साखळी तिथे एकदाच तुटते आणि फरक येतो ३,६००. त्याला नवाने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की फरकाला नेहमी नवाने भाग जातो, हे वहीखात्याच्या काळातले मुनीमही जाणून होते. मात्र दशांशचिन्ह सरकले तरी नवाने भाग जातो, त्यामुळे हा इशारा समजायचा, निकाल नव्हे.

दुसऱ्या ओळीत नावेची रक्कम बरोबर, पण शिल्लक १,५१,२२०.५० ऐवजी १,५७,२२०.५० अशी वाचली गेली, तर साखळी एकदा नाही, दोनदा तुटते. दुसऱ्या ओळीत एका बाजूला ६,००० चा फरक आणि तिसऱ्या ओळीत नेमका उलट्या बाजूला ६,००० चा. असे सारख्या रकमेचे, उलट दिशेचे जोडफरक लागोपाठ दिसले की व्यवहाराची रक्कम सोडून द्यावी आणि शिल्लकेचा रकाना पाहावा.

आठव्या ओळीतली रोख जमा चुकून नावेत गेली, तर ताळा उणे ४०,३५८.४१ येईल अशी अपेक्षा करतो आणि छापलेले सापडते ७९,६४१.५९. फरक १,२०,०००, म्हणजे रकमेच्या बरोबर दुप्पट. जमा-नावे बाजू बदलली की फरक दुप्पट येतो. आणि पहिली ओळ मॉडेलने अख्खी गाळली, तर दुसऱ्या ओळीपाशी १२,५०० चा फरक येतो, म्हणजे गाळलेली रक्कमच हातात पडते. मग पानावर ती शोधायला किती वेळ लागणार?

कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट खात्यात एक वेगळाच गोंधळ होतो. तिथे शिल्लक बहुधा नावे असते आणि आकड्यामागे बारीक अक्षरांत डीआर छापलेले असते. मॉडेलने ती दोन अक्षरे गाळली, की उणे शिल्लक अधिक होऊन बसते आणि प्रत्येक ओळ रकमेच्या दुप्पट फरकाने तुटते. दोनशे ओळी तुटलेल्या पाहून घाबरायचे नाही. त्या दोनशे चुका नसतात, चिन्हाची एकच चूक असते. मोबाईल ॲपमधून काढलेल्या काही स्टेटमेंटांत ताजा व्यवहार वर असतो, तिथेही साखळी वरून खाली चालवली तर ओळीमागून ओळ तुटते. ती खालून वर चालवायची. काही बँका दिवसभराच्या व्यवहारांनंतर एकदाच शिल्लक छापतात. तिथे ताळा ओळीचा घालता येत नाही, दिवसाचा घालावा लागतो. पानाच्या तळाशी 'पुढील पानावर' आणि माथ्यावर 'मागील पानावरून' अशा ओळी असतात, त्या मॉडेलने व्यवहार म्हणून धरल्या का, हेही इथेच उघडे पडते.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की काम संपले. ज्या कार्यालयांत ही पद्धत नव्याने आली, तिथे नेमके इथेच थांबतात: सगळ्या ओळींना शून्य, फाईल हिरवी, पुढची घ्या. पण वरच्या तक्त्यातली चौथी आणि पाचवी ओळ पुन्हा पाहा. यूपीआयने पैसे गेले, व्यवहार फसला, पैसे परत आले. मॉडेलने या दोन्ही ओळी गाळल्या तर? तिसऱ्या ओळीची शिल्लक २,२९,६७०.५०, त्यातून सहाव्या ओळीचे २,१०,००० गेले, उरले १९,६७०.५०. साखळी अखंड. दोन व्यवहार नाहीसे झाले आणि ताळ्याला पत्ताही नाही.

सहावी आणि सातवी ओळ त्याहून बेरकी. आरटीजीएस आणि त्याचे शुल्क एकाखाली एक, एकाच दिवशीचे, तपशीलही जवळजवळ सारखा. मॉडेलने दोन्ही मिळून एकच ओळ केली: नावे २,१०,०२८.९१, शिल्लक १९,६४१.५९. गणित चोख जुळते. फक्त २,१०,०२८.९१ ही रक्कम त्या कागदावर कुठेही छापलेली नाही.

या दोन चुकांवर उपाय आहेत, पण वेगवेगळे. अनेक स्टेटमेंटांच्या शेवटी गोषवारा असतो: एकूण नावे किती, एकूण जमा किती, नावेचे व्यवहार किती, जमेचे किती. आपल्या उदाहरणात नावे २,५७,६२८.९१, जमा १,५२,९५० आणि दोन्हीकडे चार-चार व्यवहार. यूपीआयची जोडी गळाली तर दोन्ही बेरजा दोन-दोन हजारांनी कमी भरतात, पकडले गेले. आरटीजीएस आणि शुल्क एक झाले तर बेरजा जुळतात, पण नावेचे व्यवहार चाराऐवजी तीन भरतात. म्हणजे बेरीज एक चूक पकडते, मोजणी दोन्ही. गोषवाऱ्यातले आकडे मात्र वेगळ्या वाचनात काढलेले हवेत. मॉडेलला एकाच दमात 'व्यवहार काढ आणि बेरीजही सांग' असे म्हटले, तर ते गोषवारा वाचण्याऐवजी स्वतःच बेरीज करून देईल अशी भीती असते.

हाच धोका शिल्लकेच्या रकान्यालाही आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली कळीची जागा ही आहे. ताळ्याला अर्थ आहे तो शिल्लक कागदावरून आलेली असेल तरच. मॉडेलला बेरीज-वजाबाकी येते. आधीची ओळ त्याने नुकतीच लिहिलेली असते. पुसट शिल्लक वाचण्यापेक्षा ती हिशोबाने भरणे त्याला सोपे जाते. तसे झाले तर आपण मॉडेलचे गणित मॉडेलच्याच गणिताशी ताडून पाहतो आणि ते जुळले म्हणून खूश होतो. विद्यार्थ्याने मागची उत्तरे पाहून गणित सोडवावे तसे हे झाले.

यावर उतारा असा, की मॉडेलने दिलेला प्रत्येक आकडा मूळ पानावर जसाच्या तसा आहे का, हे साध्या प्रोग्रॅमने शोधायचे. बँकेने संगणकावरून काढून दिलेल्या पीडीएफमध्ये पानाच्या चित्रामागे खरा मजकूर असतो. त्यात रक्कम सापडली नाही की ओळ बाजूला काढायची. आरटीजीएसचा बनावट २,१०,०२८.९१ इथे लगेच उघडा पडतो. स्कॅन केलेल्या कागदात असा मजकूर नसतो. तिथे पानाची शिल्लकेची पट्टी तेवढी कापून वेगळी वाचून घ्यायची. शेजारी जमा-नावे दिसतच नसल्यामुळे गणित करून भरायला वाव जवळजवळ राहत नाही. दोन्ही वाचने जुळली तरच ताळा घालायचा.

आणि साखळी तुटली तर काय करायचे नाही, तेही सांगून ठेवतो. मॉडेलला 'तिसऱ्या ओळीत ३,६०० चा फरक येतोय, दुरुस्त कर' असे कधीही म्हणू नये. ते दुरुस्त करेल. कुठेतरी ३,६०० बसवील आणि साखळी जोडून देईल. ते कागदावर आहे की नाही याच्याशी त्या जोडणीचा संबंध असेलच असे नाही. पान पुन्हा वाचायला द्यावे, पण अपेक्षित आकडा न सांगता. दुसऱ्यांदाही तुटले तर ते पान माणसाकडे.

एवढे सगळे केले तरी रकमांपुरतीच हमी मिळते. तारीख, तपशील, चेकचा क्रमांक, समोरच्याचे नाव यांना ताळ्यात जागाच नाही. तारखांसाठी काही अटी घालता येतात: तारखा क्रमाने वाढत जायला हव्यात, स्टेटमेंटच्या मुदतीच्या आत हव्यात. ०३/०४ हे तीन एप्रिलऐवजी चार मार्च म्हणून वाचले गेले तर ही अट बहुतेकदा पकडते. पण व्यवहाराची तारीख आणि मूल्य-तारीख असे दोन रकाने शेजारी असले आणि मॉडेलने मध्येच रकाना बदलला, तर क्रम बिघडत नाही आणि एकतीस मार्चचा व्यवहार एक एप्रिलचा होऊन पुढच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. संदर्भ क्रमांकांनाही ठराविक चण असते. चेकचा क्रमांक सहा अंकी, यूपीआयचा संदर्भ बारा अंकी, आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा आणि त्यातले पाचवे अक्षर शून्य. या चणीत न बसणारी ओळ बाजूला काढता येते. (०००४५१ हा चेक एक्सेलमध्ये गेल्यावर ४५१ होतो, तो दोष मॉडेलचा नव्हे; रकाना आधी मजकूर म्हणून ठेवावा.)

तपशिलाचे मात्र असे काही करता येत नाही. लांब तपशील दोन ओळींत मोडलेला असतो आणि त्याचा दुसरा तुकडा खालच्या व्यवहाराला चिकटतो. मॉडेल संक्षेप उलगडते, स्पेलिंग सुधारते. मग दोन वेगळ्या व्यापाऱ्यांची जवळपास सारखी नावे एकच होऊन जातात. चेक परत गेल्याची नोंद तपशिलात तीन-चार त्रोटक अक्षरांत असते. ती गेली, तर कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने या खात्यातली सर्वांत महत्त्वाची बातमीच गेली. आणि साखळीत मात्र सर्वत्र शून्य.

म्हणून कागद उघडावा लागतो. सगळे कागद उघडायचे तर यंत्र कशाला, तेव्हा नमुना घ्यायचा. नमुना किती घ्यावा याचा संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या ३०० ओळी तपासल्या आणि एकही चूक सापडली नाही, तर ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते की चुकांचे प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे. तीनला नमुन्याच्या आकड्याने भागायचे, की ही वरची मर्यादा मिळते. १०० ओळींत शून्य चुका, तर मर्यादा तीन टक्के. 'शंभर पाहिल्या, एकही चुकली नाही' हे वाक्य ऐकायला जेवढे भक्कम वाटते तेवढे नसते, हे यावरून दिसेल.

एक टक्का चालेल का, हे कामावर ठरते. हजारात एकच ओळ चुकते असे धरले, तरी २०० ओळींच्या स्टेटमेंटांपैकी सुमारे १८ टक्के स्टेटमेंटांत निदान एक चूक असेल, कारण ओळी जितक्या जास्त तितकी एखादी घसरण्याची शक्यता वाढते. कर्जाचा निर्णय एका ओळीवर होत नाही, पूर्ण स्टेटमेंटवर होतो. त्यामुळे अहवालात '९९.९ टक्के अचूक' असे लिहिलेले दिसले की कशाचे, असा प्रश्न विचारावा: रकान्यांचे, ओळींचे की स्टेटमेंटांचे?

शिवाय चुका विखरून पडत नाहीत, गठ्ठ्याने येतात. एखाद्या सहकारी बँकेचा नमुना, ठिपक्यांच्या प्रिंटरवर छापलेले पासबुक, मोबाईलने काढलेला फोटो, अशा ठिकाणी त्या साचतात. तीनशे ओळी सरसकट उचलल्या आणि त्यांत या बँकेच्या चारच आल्या, तर तिच्याबद्दल आपल्याला काहीच कळलेले नसते. म्हणून एकूण नमुन्यासोबत प्रत्येक बँकेचा आणि प्रत्येक प्रकारच्या कागदाचा वेगळा वाटा काढायचा. त्यावर भर म्हणून, ताळ्याला न दिसणाऱ्या जागा मुद्दाम निवडायच्या: पानाची पहिली आणि शेवटची ओळ, दोन-तीन ओळींत मोडलेले तपशील, एकाच दिवशीची सारख्याच रकमेची जमा आणि नावे, शुल्काच्या ओळी, मार्चअखेरच्या तारखा. या मुद्दाम निवडलेल्या ओळींतल्या चुका एकूण प्रमाणात धरायच्या नाहीत, नाहीतर प्रमाण उगाच फुगते.

तपासणी कोणत्या दिशेने करायची, याकडे फार कमी लक्ष दिले जाते. साधारणपणे तपासणारा संगणकातली ओळ घेतो आणि पानावर शोधतो. त्याने मॉडेलने चुकीचे किंवा मनाचे काय लिहिले ते कळते. पण जे लिहिलेच नाही, ते या दिशेने कधीच सापडणार नाही. यूपीआयची गळालेली जोडी नमुन्यात येईलच कशी? म्हणून निम्मा नमुना उलट दिशेने हवा. मूळ कागदावरचे एखादे पान आणि ओळ चिठ्ठीने निवडायची, मग ती संगणकात आहे का ते पाहायचे. लेखापरीक्षकांना हे नवीन नाही. व्हाउचरकडून वहीकडे आणि वहीकडून व्हाउचरकडे, अशा दोन्ही वाटा त्यांच्या प्रशिक्षणात असतात.

तपासणाऱ्या माणसाचा डोळाही तपासावा लागतो. पडद्यावर डावीकडे पान आणि उजवीकडे मॉडेलचे उत्तर ठेवले, की चाळीसाव्या ओळीनंतर माणूस मान डोलवायला लागतो. ७४,८५० वाचून झाल्यावर त्याला पानावरही ७४,८५० च दिसते. यापेक्षा त्याला नुसते पान द्यावे, मॉडेलचे उत्तर झाकून ठेवावे, ओळ त्याने स्वतः टाइप करावी आणि तुलना संगणकाने करावी. वेळ जास्त लागतो, पण त्यालाच तपासणी म्हणता येते. झाकणे शक्य नसेल, तर नमुन्यात काही चुका मुद्दाम पेराव्यात. वीस पेरल्या आणि सोळा सापडल्या, तर त्या माणसाच्या नजरेतून दर पाच चुकांमागे एक निसटते. त्याने मॉडेलच्या आठ खऱ्या चुका दाखवल्या असतील, तर प्रत्यक्षात त्या दहाच्या आसपास असणार. पेरलेल्या चुका काम संपल्यावर परत काढायच्या, हे सांगायला नको, पण सांगतो.

नमुन्याचा निकाल त्या दिवशीच्या मॉडेलपुरता आणि त्या दिवशीच्या सूचनांपुरता असतो. मॉडेलची आवृत्ती बदलली, सूचनेतले वाक्य बदलले, की जुन्या ३०० ओळींवर हवाला ठेवता येत नाही. यासाठी प्रत्येक बँकेची हाताने पक्की केलेली काही स्टेटमेंट राखून ठेवतात आणि कोणताही बदल झाला की आधी ती पुन्हा वाचून घेतात.

यातला बराच खटाटोप टाळायची एक वाट भारतात आहे. रिझर्व्ह बँकेच्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेतून, खातेदाराच्या संमतीने, व्यवहार थेट रकान्यांत मांडलेल्या स्वरूपातच मिळतात. पान वाचायचा प्रश्न येत नाही. ही व्यवस्था २०२१ च्या सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष सुरू झाली. ज्याचे खाते त्यात बसते त्याच्यासाठी पीडीएफ मागण्यात अर्थ नाही. पण जुनी वर्षे, बंद झालेली खाती, या जाळ्यात न आलेल्या बँका आणि फाईलमध्ये लावलेल्या झेरॉक्स प्रती यांच्यासाठी पान वाचावेच लागते.

शेवटचा एक प्रकार राहिला. साखळी तुटली, पान माणसाकडे गेले, त्याने मूळ कागद पाहिला आणि मॉडेलने लिहिलेला आकडा न् आकडा कागदावर तसाच निघाला. वाचन बरोबर, तरी ताळा चुकतो. अशा वेळी आधी साधी कारणे तपासायची: मधले पान राहून गेले आहे का, दोन वेगवेगळ्या मुदतींची स्टेटमेंट एकत्र जोडली आहेत का, शिल्लक दिवसाला एकदाच छापलेली आहे का. यातले काहीच नसेल, तर संशयाची सुई यंत्रावरून कागदाकडे वळते. पीडीएफमध्ये पगाराची किंवा विक्रीची एखादी रक्कम वाढवणे सोपे आहे. त्याखालच्या शेकडो ओळींच्या शिलका, गोषवारा आणि पुढच्या महिन्याची सुरुवातीची शिल्लक हे सगळे बदलायचा कंटाळा पुष्कळांना येतो. असे पान मॉडेलला तिसऱ्यांदा वाचायला देऊ नये. ते घेऊन थेट बँकेच्या शाखेत विचारणा करावी.